लिंक्डइनचा 'अबाउट' फोनवर नीट दिसावा आणि कानाला नीट ऐकू यावा म्हणून: ओळी, बुलेट आणि मोजके इमोजी

मी नाशिकला घरून अनुवादाचं आणि मुद्रितशोधनाचं काम करते. लिंक्डइनवरचा माझा अबाउट मी एका रविवारी बसून सजवला होता, चांगला दीड तास घालवून, ठिणग्या, रॉकेट, हिरवे टिकमार्क, मध्ये मध्ये जाड रेघा वगैरे. लॅपटॉपवर बघितलं तर एकदम झकास दिसत होतं. मग आमच्या ओळखीतला एक दादा आहे, बँकेत नोकरी करतो, त्याला दिसत नाही, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा टॉकबॅक लावून फोन वापरतो, त्याला म्हटलं माझा प्रोफाइल बघून सांग रे कसा वाटतो. त्याने दोन मिनिटांनी फोन केला आणि म्हणाला, "अगं, तू अनुवाद करतेस की फटाके विकतेस?"

मला आधी कळेचना. मग त्याने स्पीकर फोनजवळ धरून ऐकवलं. तेव्हापासून मी हा मजकूर चार-पाच वेळा पाडून परत बांधलाय, आणि त्यात जे जे चुकलं ते खाली क्रमाने लिहितेय. उदाहरण माझ्याच प्रोफाइलचं घेतलंय. तुमचं काम वेगळं असेल पण ओळी तुटण्याचे आणि इमोजीचे प्रकार सगळीकडे तेच असतात.

लागणारं सामान

- फोन, आणि जमलंच तर दुसऱ्या कुणाचातरी छोट्या स्क्रीनचा फोन.
- फोनमधलं साधं नोट्स अ‍ॅप किंवा विंडोजमधलं नोटपॅड. वर्ड नको, कारण पुढे येईल.
- स्क्रीन रीडर. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, दोन्ही फोनमध्येच असतात. विंडोज लॅपटॉपसाठी एनव्हीडीए फुकट मिळतो.
- इयरफोन. नाहीतर घरातले सगळे तुमचा प्रोफाइल पाठ करतील.
- अर्धा-पाऊण तास.

१. लिहिण्याआधी, आत्ता जे आहे ते ऐका

ही पायरी लोक शेवटी ठेवतात आणि मग करतच नाहीत, म्हणून पहिली घातलीय.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात टॉकबॅक. पण थांबा, चालू करायच्या आधी तिथेच शॉर्टकटचा पर्याय असतो तो ऑन करा, म्हणजे आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन-एक सेकंद दाबून धरली की टॉकबॅक चालू-बंद होतो. मी हे न करता सरळ चालू केलं आणि मग बंद कसा करायचा ते कळेना, कारण टॉकबॅक चालू असताना फोन वेगळाच वागतो: एकदा बोट लावलं की तो फक्त वाचून दाखवतो, बटण खरंच दाबायचं असेल तर दोनदा टॅप करावं लागतं, आणि स्क्रीन वर-खाली सरकवायला दोन बोटं लागतात. मला वाटलं फोनच अडकला, रीस्टार्ट केला, तरी टॉकबॅक चालूच. आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटी शॉर्टकटमध्ये व्हॉइसओव्हर निवडून ठेवा, मग बाजूचं बटण तीनदा दाबलं की चालू आणि तीनदा दाबलं की बंद. तिथे सरकवायला तीन बोटं.

दुसरं, आवाज कुठल्या भाषेचा आहे ते बघा. मजकूर मराठी आणि आवाज नुसता इंग्रजी असेल तर मराठी शब्द गाळले जातात किंवा काहीतरी भलतंच ऐकू येतं, आणि तुम्हाला वाटतं आपलाच मजकूर बिघडलाय. अँड्रॉइडवर गूगलच्या टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये मराठी आवाज आहे, तो डाउनलोड करून घ्या.

आता स्वतःचा अबाउट उघडून बोट लावा आणि डोळे मिटून ऐका. डोळे मिटायचे हे मुद्दाम सांगतेय, उघडे ठेवले की मेंदू फसवतो, तो वाचत जातो आणि कानावर पडलेलं दुरुस्त करून घेतो.

माझा जुना अबाउट असा होता:

```
✨ नमस्कार!! ✨ मी अनुवादक 🚀
━━━━━━━━━━━━━━━
✅ इंग्रजी ➡️ मराठी अनुवाद
✅ मुद्रितशोधन
✅ सबटायटल्स
✅ ८ वर्षांचा अनुभव
━━━━━━━━━━━━━━━
📍 नाशिक | कामासाठी 👇👇👇
```

आणि दादाच्या फोनवर तो साधारण असा ऐकू आला: स्पार्कल्स, नमस्कार, स्पार्कल्स, मी अनुवादक, रॉकेट. मग चेक मार्क बटन, इंग्रजी, राइट अ‍ॅरो, मराठी अनुवाद, चेक मार्क बटन, मुद्रितशोधन, चेक मार्क बटन... आणि शेवटी बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग डाउन, तेही तीनदा. हे कुणी मनाने बोलत नसतं, प्रत्येक इमोजीला एक ठरलेलं नाव असतं आणि स्क्रीन रीडर ते नाव उच्चारतो, फोनच्या भाषेप्रमाणे इंग्रजीत किंवा मराठीत. सहा ओळींच्या मजकुरात कामाचे शब्द किती आणि चेक मार्क बटन किती ते तुम्हीच मोजा.

२. मजकूर आधी साध्या जागी टाइप करा

लिंक्डइनच्या अबाउटच्या चौकटीत ठळक, तिरकं, यादी असं काही करायची सोय नाही. तिथे फक्त अक्षरं आणि एंटर जातात. त्यामुळे वर्डमध्ये सजवून आणलेलं सगळं दारातच गळून पडतं, आणि जे पूर्ण गळत नाही ते जास्त त्रास देतं. तीन ठिकाणांहून मजकूर आणताना घोळ होतो.

वर्डमधून. वर्डची गोल बुलेट कधीकधी सिम्बॉल नावाच्या फॉन्टमधली असते, पेस्ट केल्यावर तुमच्या स्क्रीनवर ठीक दिसली तरी दुसऱ्याच्या फोनवर तिथे रिकामा चौकोन येतो. अशी बुलेट दिसली की खोडा आणि हाताने नवी टाका.

पीडीएफमधून. जुना बायोडेटा पीडीएफ असतो, त्यातून दोन परिच्छेद कॉपी केले की कागदावर जिथे जिथे ओळ संपत होती तिथे तिथे एंटर पडलेला येतो. लॅपटॉपवर कळत नाही. फोनवर मात्र एक ओळ पूर्ण, मग दोन शब्दांचं शेपूट, परत एक पूर्ण ओळ, परत शेपूट, अशी करवत दिसते. असं दिसलं तर समजायचं की मधले एंटर उपटायचे राहिलेत. प्रत्येक शेपटाच्या टोकाला जाऊन डिलीट दाबायचं आणि एक स्पेस द्यायची, दुसरा सोपा मार्ग मला तरी सापडला नाही, दहा ओळींना पाच मिनिटं लागतात.

आणि तिसरं आपल्याकडचं खास दुखणं, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधून. डीटीपीवाल्याने करून दिलेला मराठी बायोडेटा असतो ना, तो युनिकोड नसेल तर कॉपी करून टाकल्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी येते. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं व रफार एकेक करून तपासा. नाहीतर सरळ परत टाइप करा, पाव पान मजकूर असतो, तेच लवकर होतं.

एक सूचना जाता जाता. नेटवर 'अदृश्य कॅरेक्टर काढून टाका' अशी टूल्स असतात, मजकूर स्वच्छ करायला छान वाटतात. मराठीवर वापरू नका. आपल्या 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' मधला जो अर्धा र आहे तो काही कीबोर्डवर एका अदृश्य जोडणीने तयार होतो, ती जोडणी काढली की 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, रफार डोक्यावर जाऊन बसतो. माझ्यासारख्या मुद्रितशोधनवालीच्या प्रोफाइलवर हे दिसणं म्हणजे शिंप्याच्याच शर्टाला बटण नसणं.

३. ओळ कुठे तोडायची

इथे जरा वेळ द्या, सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

एंटर फक्त दोनच कारणांसाठी मारायचा, विचार संपला म्हणून किंवा यादीतला एक मुद्दा संपला म्हणून. ओळ छान दिसावी म्हणून, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून, नाव मधोमध यावं म्हणून एंटर किंवा स्पेस मारायची नाही. तुमच्या स्क्रीनवर मधोमध आलेलं दुसऱ्याच्या स्क्रीनवर डावीकडे तिसऱ्या भागात लोंबकळतं, कारण प्रत्येक फोनची रुंदी वेगळी आणि त्यात लोकांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. माझ्या आईच्या फोनवर अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा आहे, तिच्याकडे माझी ती पंधरा तुकड्यांची जाड रेघ दोन ओळींत मोडून पडली होती, वर दहा-बारा तुकडे आणि खाली तीन-चार, दिसायला एकदम तुटक्या कुंपणासारखं.

परिच्छेद लहान ठेवा. लॅपटॉपवर दोन ओळींत बसणारं वाक्य फोनवर पाच ओळी खातं. माझा अंदाज असा की एका परिच्छेदात दोन, फार तर तीन वाक्यं, आणि दोन परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ. एकच. तीन-तीन रिकाम्या ओळी सोडल्या तर फोनवर लोकांना वाटतं मजकूर संपला, आणि एनव्हीडीए लावून बाणाच्या बटणाने ओळीओळीने खाली येणाऱ्याला प्रत्येक रिकाम्या ओळीवर 'ब्लँक' ऐकावं लागतं, ब्लँक, ब्लँक, ब्लँक, मग तोही तेच समजतो.

काही लोक रिकामी जागा धरून ठेवायला न दिसणारी अक्षरं पेस्ट करतात, त्यातलं एक तर ब्रेल लिपीतलं कोरं अक्षर आहे. इन्स्टाग्रामच्या बायोसाठी ही युक्ती कुणीतरी सुरू केली आणि ती सगळीकडे पसरली. लिंक्डइनच्या अबाउटमध्ये साधा एंटर दोनदा मारला की रिकामी ओळ येते, त्या युक्तीची काही गरज नाही. आणि ते कोरं अक्षर आपल्याला दिसत नसलं तरी स्क्रीन रीडरला ते अक्षरच वाटतं.

आता मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट. आपण ओळ तोडली की डोळ्याला थांबा मिळतो, पण वाचून दाखवणारा आवाज मुख्यतः विरामचिन्हांवर थांबतो. ओळीच्या शेवटी पूर्णविराम नसेल तर तो बऱ्याचदा पुढच्या ओळीत तसाच घुसतो. माझ्या यादीत 'मुद्रितशोधन' खाली 'सबटायटल्स' आणि त्याखाली '८ वर्षांचा अनुभव' होतं. टिकमार्क काढून मी खूश झाले आणि परत ऐकलं तर आवाज म्हणाला 'मुद्रितशोधन सबटायटल्स आठ वर्षांचा अनुभव', एका दमात, जणू सबटायटल्सचाच आठ वर्षांचा अनुभव आहे, जो मला नाही, सबटायटल्स मी दोनच वर्षांपूर्वी सुरू केली. म्हणजे नुसतं ऐकायला वाईट असं नाही, अर्थच बदलला. प्रत्येक ओळीच्या शेवटी पूर्णविराम टाकला आणि प्रश्न मिटला. यादीतल्या मुद्द्याला पूर्णविराम देत नाहीत असं शाळेत कुणी शिकवलं असेल तर इथे ते बाजूला ठेवा. उपशीर्षकासारखी ओळ असेल, जसं की 'काय काम घेते', तर तिला विसर्गासारखं दिसणारं अपूर्णविरामाचं चिन्ह द्या, तिथेही आवाज श्वास घेतो.

अजून एक, पहिल्या दोन-तीन ओळी. अबाउट आधी मिटलेला दिसतो आणि पुढचं 'सी मोअर' दाबल्यावर उघडतं, आणि त्या दिसणाऱ्या जागेत रिकामी ओळसुद्धा धरली जाते. मी पहिल्या ओळीत नमस्कार आणि दुसऱ्या ओळीत रेघ टाकून ती सगळी जागा खर्च केली होती, काम काय करते ते दाबल्याशिवाय कुणाला कळतच नव्हतं. पहिलं वाक्य म्हणजे तुम्ही काय करता आणि कुणासाठी करता, बस. नमस्कार शेवटी घाला, घालायचाच असेल तर.

४. बुलेट: एक चिन्ह निवडा आणि त्यालाच धरून राहा

साधा गोल ठिपका • घ्या, किंवा साधी आडवी रेघ - घ्या. दोन्ही प्रत्येक फोनवर सारखे दिसतात. ठिपक्याला एनव्हीडीए 'बुलेट' म्हणतो, एका शब्दात उरकतं, आणि ऐकणाऱ्याला कळतं की यादी सुरू झाली. आडवी रेघ बहुतेक सेटिंगमध्ये तो न बोलता सोडून देतो.

ठिपका कुठे मिळतो हे शोधण्यात मी उगाच वेळ घालवला, म्हणून सांगते:

```
अँड्रॉइड, जीबोर्ड:  ?123  मग  =\<  मग  •
आयफोन:  123  मग  #+=  मग  •
विंडोज:  Alt + 0149 (उजवीकडच्या नंबर पॅडवर)
मॅक:  Option + 8
```

ठिपक्यानंतर एक स्पेस, मग मजकूर, मग पूर्णविराम, मग एंटर. आत सरकवलेली दुसऱ्या पातळीची यादी करायच्या भानगडीत पडू नका, स्पेस मारून आत सरकवलेली ओळ फोनवर दुसऱ्या रांगेत परत डावीकडे येते आणि सगळा डोलारा कोसळतो.

ती फॅन्सी चिन्हं, ➤ ✔ ▪ ◆ वगैरे, यांच्यात दोन त्रास आहेत. एक म्हणजे काही फोन ✔ आणि ▪ ला साधं काळं चिन्ह दाखवतात आणि काही फोन त्याचं रंगीत इमोजी करतात, तुमच्या हातात काही नाही. दुसरं म्हणजे कानाला ती लांबलचक नावांनी ऐकू येतात किंवा गायब होतात, कुठला रीडर आहे त्यावर. यादी पाच मुद्द्यांच्या वर गेली तर मी दोन मुद्दे एकत्र करते. फोनवर एका नजरेत चार-पाच बुलेट मावतात, पुढचे कुणी मोजत बसत नाही.

उभी रेघ | ही जपून. हेडलाइनमध्ये सगळे वापरतात, 'अनुवादक | मुद्रितशोधक | नाशिक' असं. दिसायला छान दिसते, पण काही रीडर तिला प्रत्येक वेळी नावाने हाक मारतात, 'व्हर्टिकल बार' वगैरे, आणि मराठी मजकुरात ती दंडासारखी दिसते ते वेगळंच. स्वल्पविराम चालतो की. बाणाचंही तेच, 'इंग्रजी ➡️ मराठी' ऐवजी 'इंग्रजीतून मराठीत' लिहिलं तर आपली विभक्ती तेच काम फुकटात करते. आणि '२०१८-२०२३' मधली आडवी रेघ जर रीडरने सोडून दिली तर दोन साल एकमेकांना चिकटतात, म्हणून '२०१८ ते २०२३' लिहा.

५. इमोजी किती, कुठे

माझा हिशोब: पूर्ण अबाउटमध्ये एक किंवा दोन. शून्य असले तरी काही बिघडत नाही. जे ठेवाल ते वाक्य संपल्यावर, पूर्णविरामानंतर ठेवा. वाक्याच्या मध्ये इमोजी आला की ऐकणाऱ्याचं वाक्य तिथे चिरलं जातं, 'मी नाशिकमध्ये राउंड पुशपिन राहते' असं होतं ते.

शब्दाच्या जागी इमोजी कधीच नको. '📞 करा' लिहिलं तर ऐकू येतं 'टेलिफोन रिसिव्हर करा'. 'फोन करा' लिहायला किती कष्ट आहेत? एकच इमोजी तीनदा नको, रीडर तीनदा म्हणतो. आणि बोट खाली दाखवणारा 👇 तर अजिबात नको, कारण खाली काय आहे ते फोनवर आणि लॅपटॉपवर वेगळं असतं, माझ्या लॅपटॉपवर त्या बोटाखाली दुसराच भाग येत होता आणि मी लोकांना तिकडे बोट दाखवत बसले होते.

हात जोडलेला 🙏 ठेवायचा असेल तर पिवळाच ठेवा. त्वचेचा रंग निवडला की नावाच्या मागे तो रंगही वाचला जातो, 'फोल्डेड हँड्स' नंतर 'मीडियम स्किन टोन'. रंग निवडावासा वाटणं यात काही चूक नाही, फक्त ऐकायला ते लांबतं एवढं माहीत असू द्या.

बरं, इमोजी अक्षरंही जास्त खातो. अबाउटला २६०० कॅरेक्टरची मर्यादा आहे आणि हेडलाइनला २२०. साधा इमोजी बऱ्याच ठिकाणी दोन कॅरेक्टर धरला जातो, झेंडा चार. त्यात मराठीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतात. 'प्रोफाइल' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, मोजणीत तो आठ भरतो. त्यामुळे इंग्रजीतल्या मैत्रिणीचा अबाउट बघून तेवढाच लांब मराठीत लिहायला गेलात तर मध्येच जागा संपते. हेडलाइनमध्ये हे जास्त जाणवतं.

६. ते जाड आणि वळणदार इंग्रजी फॉन्ट

प्रोफाइलमध्ये नाव किंवा हुद्दा ठळक दिसावा म्हणून लोक एका वेबसाइटवर जाऊन इंग्रजी अक्षरं जाड करून आणतात. तो फॉन्ट नसतोच. ती गणितासाठी बनवलेली वेगळी चिन्हं आहेत, दिसायला इंग्रजी अक्षरांसारखी. काही स्क्रीन रीडर प्रत्येक अक्षर 'मॅथेमॅटिकल बोल्ड कॅपिटल' असं नावानिशी वाचतात, काही पूर्ण शब्दच गिळतात. आणि कुणी 'ट्रान्सलेटर' असा सर्च मारला तर या चिन्हांतला 'ट्रान्सलेटर' सापडेलच याची काही खात्री नाही. देवनागरीत अशी जाड चिन्हं नाहीतच, त्यामुळे मराठी मजकूर आपोआप वाचला. ठळक करायचंय? ती ओळ वेगळी काढा आणि वर एक रिकामी ओळ सोडा, झालं.

७. नाव आणि हेडलाइन

नावाच्या रकान्यात इमोजी किंवा चिन्ह घालू नका. लिंक्डइनच्या नियमांतही ते बसत नाही, आणि तुम्ही कुठेही कमेंट केली की रीडर नाव वाचतो, म्हणजे तुमचं रॉकेट दिवसभर लोकांच्या कानात. हेडलाइनमध्ये सगळ्यात महत्त्वाचे शब्द सुरुवातीला, कारण कमेंटमध्ये आणि सर्चमध्ये ती मध्येच कापली जाते. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहायचं असेल तर एका वाक्यात कालवू नका. अबाउटमध्ये आधी मराठी परिच्छेद पूर्ण, मग रिकामी ओळ, मग इंग्रजी. वाचणारा आवाज मध्येच भाषा बदलताना अडखळतो.

८. परत बांधून बघा

वरचं सगळं लावून माझा अबाउट असा झाला:

```
इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते आणि मराठी मजकूर तपासून देते. आरोग्य आणि शेती या विषयांचं काम जास्त.

काय काम घेते:
• माहितीपत्रकं आणि पुस्तिकांचा अनुवाद.
• तयार मराठी मजकुराचं मुद्रितशोधन.
• व्हिडिओसाठी मराठी सबटायटल्स.

अनुवादाचा अनुभव ८ वर्षांचा, सबटायटल्सचा २ वर्षांचा. नवीन कामाआधी एक पान नमुना करून देते.

नाशिकमध्ये असते. कामासाठी इथेच मेसेज करा. 🙏
```

यात काही फार मोठं केलेलं नाही. रेघा गेल्या, बारा इमोजींचा एक राहिला, अनुभवाची ओळ यादीतून बाहेर काढून वाक्य केली कारण अनुभव हे काही 'घेतलेलं काम' नव्हे, आणि पूर्णविराम आले. जुन्यापेक्षा मजकूर लांब आहे, पण ऐकायला सोपा.

हे नोट्समधून कॉपी करून लिंक्डइनमध्ये पेस्ट करा आणि सेव्ह केल्यावर लगेच बंद करू नका. आधी फोनवर अ‍ॅपमध्ये बघा. मग सेटिंग्जमध्ये जाऊन अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करा आणि परत बघा, कुठे शेपूट किंवा एकटी पडलेली बुलेट दिसली तर तिथे नको असलेला एंटर आहे. डार्क मोडही एकदा लावून बघा. मग टॉकबॅक लावून डोळे मिटून ऐका, 'सी मोअर' सकट. ऐकताना हातात कागद ठेवा आणि जिथे आपण दचकलो तिथे खूण करा, लगेच दुरुस्त करायला बसू नका, नाहीतर टॉकबॅक चालू असताना टाइप करायला गेलात तर अर्धा तास जातो.

आणि नोट्समधली प्रत खोडू नका. पुढच्या वेळी एखादी ओळ बदलायची असेल तर तिथे बदला आणि सगळा मजकूर नव्याने पेस्ट करा, फोनवर त्या छोट्या चौकटीत बोटाने मधलाच एक एंटर शोधत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

मी नवा अबाउट परत त्या दादाला पाठवला. त्याने ऐकला आणि म्हणाला, "आता कळलं काय करतेस ते. पण ते 'पुस्तिका' च्या आधी दोनदा 'आणि' का म्हणतेस?" बघितलं तर खरंच 'आणि आणि' होतं. मुद्रितशोधनवाली मी, चार वेळा डोळ्यांनी वाचून सुटलेलं त्याने एकदा ऐकून पकडलं. वर जे दिलंय ते त्यानंतरचं आहे.